दावा नाकारल्याचं पत्र कसं वाचायचं?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ धडकलं. समजा, श्रीवर्धनमधल्या एका घराची कौलं उडाली, भिंती भिजल्या आणि विमा कंपनीचं पत्र आलं: ‘नुकसान झिजेमुळे; शिवाय उशिरा कळवलं.’

अशा पत्रात मी आधी कलमाचा क्रमांक शोधतो आणि ते कलम पॉलिसीत शब्द न् शब्द वाचतो. इथे कारणं दोन, म्हणून उत्तरंही दोन. झीज हा अपवाद आहे, आणि तो लागू होतो हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची. म्हणून सर्वेक्षकाचा अहवाल मागा. त्यात नुसतं ‘छप्पर जुनं’ एवढंच असेल, तर वादळानंतरचे फोटो आणि तलाठ्याचा पंचनामा जोडा. ओलीचे डाग जुनेच असतील, तर मात्र तेवढा भाग मिळणं अवघड.

उशिराचं म्हणाल, तर वीज-फोन बंद होते हे लिहा. अटळ कारणानं उशीर झाला तर तेवढ्यावरून दावा नाकारू नये, असं इर्डाच्या २०११ च्या परिपत्रकात म्हटलं होतं.

हे सगळं आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्या. महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.