इशारा कृतीच्या आधी

प्रयोगपुस्तिकेचे मराठी भाषांतर करताना संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करण्याची कृती नीट उतरली, तर बाकीचे प्रयोग अवघड जात नाहीत. अनेक इंग्रजी पुस्तिकांत ती एका वाक्यात उरकलेली असते: 90 मिलिलिटर पाण्यात 10 मिलिलिटर आम्ल ढवळत ओता. चष्मा घालण्याची आणि आम्लात पाणी न ओतण्याची सूचना त्यानंतर, कधी तर प्रयोगाच्या शेवटी चौकटीत येते. विद्यार्थी मात्र एक ओळ वाचतो आणि तेवढे करून मोकळा होतो. त्यामुळे सूचना डोळ्यांपुढे येईपर्यंत आम्ल ओतून झालेले असते.

धोका कशात आहे, हे भाषांतरकाराला नेमके ठाऊक हवे. संहत आम्ल पाण्याच्या सुमारे 1.8 पट जड असते आणि पाण्यात मिसळताना पुष्कळ उष्णता बाहेर पडते. आम्लावर पाणी ओतले, तर ते वरच राहते, जागीच उकळते आणि आम्लाचे थेंब उडवते. पाण्यात आम्ल सोडले, तर ते खाली बसत मिसळते आणि भरपूर पाणी ती उष्णता सामावून घेते.

मराठीत ‘पाण्यात आम्ल’ आणि ‘आम्लात पाणी’ यांत फरक फक्त ‘त’ कोणत्या शब्दाला लागतो एवढाच. शिवाय मराठी वाक्यात ‘नका’ शेवटी येते. घाईने वाचणाऱ्याच्या मनात ‘आम्लात पाणी ओतू’ एवढेच उरू शकते. म्हणून काय करायचे ते आधी सांगावे आणि मनाई त्यानंतर, कारणासह. ‘काळजीपूर्वक’ या शब्दाने हात कसा चालवायचा हे कळत नाही, म्हणून तो टाळावा.

मूळ वाक्याचे असे तुकडे पडतात:

इशारा: थेंब डोळ्यांत उडू शकतो. चष्मा आणि हातमोजे घाला. ही कृती शिक्षकच करतील.
कृती 1: चंचुपात्रात आधी 90 मिलिलिटर थंड पाणी घ्या.

इशारा: आम्ल नेहमी पाण्यात सोडा. उलट केल्यास मिश्रण उसळते.
कृती 2: 10 मिलिलिटर आम्ल काचकांडीच्या आधाराने थोडे थोडे सोडा आणि ढवळत राहा. पात्र फार तापले, तर थांबा.

पहिल्या इशाऱ्यातच पुढची तयारीही सांगावी: नळ जवळ असावा, थेंब अंगावर पडल्यास ती जागा ताबडतोब वाहत्या पाण्याखाली धरावी, डोळ्यांत गेल्यास किमान 20 मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे. बाटलीवर बहुधा इंग्रजी नाव किंवा H₂SO₄ एवढेच असते, म्हणून सूत्रही छापावे.

प्रत्येक कृतीला तोच साचेबंद इशारा जोडला, तर डोळा तो ओलांडायला शिकतो. नोंदवहीत निरीक्षण लिहिण्याआधी इशाऱ्याची गरज नाही. ज्या पायरीत धोका आहे, तिथे त्याच धोक्याचा इशारा हवा.

तपासणीसाठी विषय माहीत नसलेल्या माणसाला मजकूर द्यावा, पान कागदाने झाकून एकेक ओळच उघडावी आणि दोन्ही पात्रांत साधे पाणी ठेवून कृती करायला सांगावे. आम्ल म्हणून ठेवलेल्या पात्रात तो पाणी ओतायला निघाला, तर ते वाक्य पुन्हा लिहावे. शेवटी मांडणी पाहावी: इशारा एका पानाच्या तळाशी आणि कृती पुढच्या पानाच्या माथ्यावर गेली असेल, तर दोन्ही एकाच पानावर आणावीत.