छत्तीस महिन्यांचा भाडेपट्टा

कायद्याच्या अभ्यासक्रमात दस्तलेखनाचे पंधरा सराव विद्यार्थ्याला करावे लागतात. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, कुलमुखत्यारपत्र असे एकेक दस्त वहीत उतरत जातात आणि त्यांत हमखास असतो तो राहत्या घराचा भाडेपट्टा. प्रश्न दिसायला साधा असतो. समजा, तो असा आहे: कोथरूडमधल्या दोन खोल्यांच्या सदनिकेची मालक एक निवृत्त शिक्षिका आहे. बँकेत नोकरी करणाऱ्या जोडप्याला ती सदनिका तीन वर्षांसाठी द्यायची आहे. भाडे दरमहा २५,००० रुपये, दरवर्षी चार टक्के वाढ, अनामत एक लाख. योग्य तो दस्त तयार करा.

बहुतेक विद्यार्थी सुरुवात झोकात करतात. तारीख, लिहून देणार, लिहून घेणार, ‘कारणे भाडेपट्टा लिहून देते ऐसा की’, मग मिळकतीचे वर्णन आणि चतुःसीमा. हा भाग पाठ असतो. खरे लेखन त्यानंतर सुरू होते, कारण भाडे, मुदत, अनामत आणि समाप्ती या चार अटी एकमेकींत गुंतलेल्या असतात. एकीत हात घातला की दुसरी हलते.

भाड्याची अट पाहा. ‘दरवर्षी चार टक्के वाढ’ एवढे लिहून विद्यार्थी पुढे जातो. पण चार टक्के कशावर? दुसऱ्या वर्षी भाडे २६,००० होते, त्यात वाद नाही. तिसऱ्या वर्षी मूळ भाड्यावर वाढ धरली तर २७,००० होतात आणि आदल्या वर्षीच्या भाड्यावर धरली तर २७,०४०. महिन्याला चाळीस रुपयांचा फरक कोणी मनावर घेणार नाही. पण हीच वाढ दहा टक्के असती तर एकाच वाक्याचे ३०,००० आणि ३०,२५० असे दोन अर्थ निघाले असते आणि वर्षाकाठी तीन हजारांचा प्रश्न उभा राहिला असता. म्हणून जाणता लेखक टक्केवारीवर थांबत नाही. पहिल्या बारा महिन्यांचे भाडे किती, दुसऱ्या बारांचे किती, तिसऱ्या बारांचे किती, हे तो आकड्यांत आणि अक्षरांत लिहितो. भाडे कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे, सोसायटीचा देखभाल खर्च त्यात धरला आहे की नाही आणि विजेचे बिल कोणाचे, हेही तिथेच सांगून टाकतो.

मुदतीच्या अटीत याहून बारीक खोच आहे. ‘१ जून २०२५ पासून तीन वर्षे’ असे लिहिले तर भाडेपट्टा संपतो कधी? कोणीही पटकन ३१ मे २०२८ म्हणेल. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे आणि त्याचे ११० वे कलम वेगळे सांगते. ज्या दिवसापासून मुदत सुरू होते असे म्हटले असेल तो दिवस मोजणीतून वगळायचा. म्हणजे वेगळे काही ठरले नसेल तर १ जून २०२८ चा दिवस उलटल्यावर भाडेपट्टा संपेल. एका दिवसाने काय बिघडते, असे वाटेल. त्याच दिवशी नव्या भाडेकरूचा सामानाचा टेंपो दारात उभा असेल तर बरेच बिघडते. ‘१ जून २०२५ रोजी सुरू होऊन ३१ मे २०२८ रोजी संपणारे, दोन्ही दिवस धरून छत्तीस महिने’ असे लिहिले की शंका उरत नाही.

मुदतीला खरा धोका मात्र समाप्तीच्या अटीकडून असतो. छापील नमुन्यांत सर्रास एक वाक्य सापडते: ‘उभयतांपैकी कोणीही एक महिन्याची नोटीस देऊन हा करार संपुष्टात आणू शकेल.’ तीन वर्षांच्या मुदतीनंतर हे वाक्य आले की तीन वर्षांना अर्थ उरत नाही. मुलाची शाळा जवळ म्हणून घर घेतलेल्या जोडप्याच्या हाती उरते ते एका महिन्याचे घर. हे वाक्य अजिबात गाळले तर उलटी अडचण होते. पंधरा दिवसांच्या नोटिशीचे १०६ वे कलम महिनेवारी भाडेकरारासाठी आहे, ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्यासाठी नाही. तेव्हा बदली झाली तरी भाडेकरू छत्तीस महिने बांधलेला राहतो.

मधली वाट अशी निघते. पहिले बारा महिने कोणीही करार मोडायचा नाही. त्यानंतर भाडेकरूला दोन महिन्यांची लेखी नोटीस देऊन जाता येईल, पण मालकाला भाडेकरूने अटी मोडल्या तरच करार संपवता येईल. बारा महिन्यांच्या आत भाडेकरू निघून गेला तर काय, हेही लिहावे लागते. ‘उरलेल्या सर्व महिन्यांचे भाडे जप्त’ असे कडक वाक्य कागदावर शोभून दिसते, पण करार कायद्याचे ७४ वे कलम कोर्टाला फक्त वाजवी भरपाई देऊ देते. तिसऱ्याच महिन्यात घर पुन्हा भाड्याने गेले असेल तर नऊ महिन्यांचे भाडे मागणे टिकणे कठीण. ‘दोन महिन्यांचे भाडे भरपाई म्हणून’ हे वाक्य मवाळ दिसले तरी जास्त टिकाऊ आहे.

अट मोडल्याबद्दल करार संपवायचा असेल तर आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. नुसते ‘पोटभाडेकरू ठेवू नये’ लिहून भागत नाही. ही अट मोडल्यास मालकाला मिळकतीत पुनःप्रवेश करून ताबा घेण्याचा हक्क राहील, असे शब्द दस्तात हवेत आणि नंतर तशी लेखी नोटीसही द्यायला हवी. १११ व्या कलमाची रचनाच तशी आहे. ते शब्द नसतील तर अट मोडल्याची नुकसानभरपाई मागता येते, भाडेपट्टा मात्र तेवढ्याने जप्त होत नाही.

अनामतीची अट सगळ्यांत आखूड लिहिली जाते आणि भांडणे सगळ्यांत जास्त तिच्यावरून होतात. ‘अनामत रक्कम बिनव्याजी राहील व घर सोडताना परत केली जाईल’ एवढेच असते. आता सदनिकेत तीन वर्षे उलटली आहेत, असे धरू. विजेचे १,८४० रुपयांचे बिल बाकी आहे. स्वयंपाकघरातले सिंक फुटले आहे, त्याला ३,५०० रुपये लागतील. भिंतींचा रंग उडाला आहे आणि नवा रंग द्यायला मालकिणीला ३०,००० खर्च येणार आहे. अनामतीतून काय कापायचे? बिल आणि सिंक ही भाडेकरूची जबाबदारी, याबद्दल कोणी हुज्जत घालणार नाही. रंगाचे तसे नाही. घर मूळ स्थितीत परत करायचे, पण वापराने होणारी स्वाभाविक झीज सोडून, असे १०८ वे कलम म्हणते. तीन वर्षांत फिकट झालेला रंग हीच ती झीज. मुलाने भिंतभर काढलेली खडूची आगगाडी मात्र त्यात बसत नाही. तेव्हा दस्तात झिजेचे नाव घेऊन ती वगळली, तर ९४,६६० रुपये परत करायचे हा हिशेब दोन मिनिटांत होतो.

ही अट साधारण अशी लिहिता येईल: ‘लिहून घेणार यांनी मिळकतीचा रिकामा व शांततापूर्ण ताबा ज्या वेळी द्यावयाचा त्याच वेळी लिहून देणार यांनी अनामत रक्कम परत करावयाची आहे. त्यातून थकीत भाडे, थकीत देयके व परिशिष्ट ‘ब’मधील वस्तूंची स्वाभाविक झीज वगळता झालेली मोडतोड एवढ्याच रकमा, पावत्या दाखवून, वळत्या करता येतील.’ यात ‘त्याच वेळी’ हे शब्द कळीचे आहेत. चावी आधी की पैसे आधी, हा वाद ते शब्द मिटवतात. आणि परिशिष्ट ‘ब’ म्हणजे पंखे, गीझर, कपाटे, नळ यांची पहिल्या दिवशीच्या स्थितीसह यादी. ती नसेल तर सिंक आधीच तडकलेले होते की नंतर फुटले, याला पुरावा उरत नाही.

एवढे सगळे नीट जमले तरी या सरावात एक मोठा खड्डा आहे आणि चांगला शिक्षक विद्यार्थ्याला मुद्दाम तिथपर्यंत चालू देतो. सदनिका पुण्यात आहे. तिथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू आहे. दस्त खराखुरा भाडेपट्टा असेल तर ३१ मे २०२८ ला मुदत संपली म्हणून घर रिकामे करून मिळत नाही. त्या कायद्यात सांगितलेल्या कारणांपैकी एखादे सिद्ध करावे लागते. भाडे थकल्याची नोटीस दिल्यावरही नव्वद दिवस उलटल्याशिवाय दावा लावता येत नाही. दस्तात घासूनपुसून लिहिलेली ‘पंधरा दिवसांत भाडे न दिल्यास’ ही अट त्या नव्वद दिवसांपुढे निष्प्रभ ठरते. राज्याराज्यांचे भाडे कायदे कराराच्या वर आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी धनपाल चेट्टियार खटल्यात १९७९ मध्येच सांगितले आहे.

म्हणूनच महाराष्ट्रात घरमालक भाडेपट्टा जवळजवळ करतच नाहीत, ‘लिव्ह अँड लायसन्स’ करतात. भाडेपट्ट्याने मिळकतीत हितसंबंध निर्माण होतो, लायसन्स ही वापराची नुसती परवानगी असते. राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपल्यावर मालकाला २४ व्या कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि न हलणाऱ्याला दुप्पट शुल्काने भरपाई द्यावी लागते. फक्त मथळा बदलून मात्र काम होत नाही. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलातल्या केशभूषेच्या दुकानाचा दस्त लायसन्स म्हणून लिहिला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये त्याचा मजकूर वाचून तो भाडेपट्टाच ठरवला. २४ वे कलम लेखी लायसन्स-कराराला त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानते, त्यामुळे पुण्यातल्या मालकिणीची बाजू आज भक्कम आहे. तरीही ‘भाडे’, ‘भाडेकरू’, ‘पुनःप्रवेश’ हे शब्द लायसन्सच्या कागदात तसेच राहिले तर लेखकाने आपल्याच दस्ताला सुरुंग लावलेला असतो.

पैशांतही अंतर आहे. छत्तीस महिन्यांचे एकूण शुल्क ९,३६,४८० रुपये. अनामतीवर दरसाल दहा टक्के व्याज धरून तीन वर्षांचे ३०,००० रुपये. या बेरजेवर पाव टक्का, म्हणजे सुमारे २,४०० रुपये, हे लायसन्सचे मुद्रांक शुल्क. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला मात्र मिळकतीच्या बाजारमूल्याच्या दहाव्या हिश्शावर खरेदीखताच्या दराने शुल्क पडते. सदनिका ऐंशी लाखांची आणि दर पाच टक्के धरला तर ते ४०,००० होते.

नोंदणीबाबत अकरा महिन्यांची पळवाट अजूनही लोकांच्या डोक्यात आहे. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवलाच पाहिजे, या केंद्रीय नियमातून ती निघाली. महाराष्ट्रात ५५ व्या कलमाने ती बंद केली आहे. भाडेपट्टा असो की लायसन्स, मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदलेला हवा आणि ती जबाबदारी मालकावर आहे. नोंदला नसेल तर कोणत्या अटींवर घर दिले याबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याचे म्हणणे धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

तेव्हा कोथरूडच्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळवणारी वही कशी असते? तीत मागितल्याप्रमाणे भाडेपट्टा असतो, चारही अटी एकमेकींशी जुळलेल्या असतात. आणि दस्ताच्या आधी, पक्षकाराला उद्देशून, अर्ध्या पानाची टीप जोडलेली असते: बाई, तीन वर्षांनी घर परत हवे असेल तर हा दस्त करू नका, लायसन्सचा मसुदा सोबत जोडला आहे.