रोजच्या मंगळसूत्रात सोनं कुठे हवं?

"दिसायला भरदार, वजनाला हलकं." मंगळसूत्र घ्यायला गेलेल्या बाईच्या कानावर सराफाच्या दुकानात हे वाक्य हमखास पडतं, आणि सोन्याचा आजचा भाव पाहता ते आवडतंही. लग्नकार्यात चार तास घालायच्या दागिन्याला ते चालूनही जाईल. पण जे मंगळसूत्र स्वयंपाक करताना, लोकलच्या गर्दीत, मूल कडेवर असताना आणि झोपेतही गळ्यात राहणार आहे, त्याच्या बाबतीत हा हलकेपणा नेमका कुठून आला हे विचारायलाच हवं. रोजचं मंगळसूत्र तुटतं ते बहुतेक वेळा तीनच ठिकाणी: वाट्यांच्या कडीशी, काळ्या मण्यांमधून गेलेल्या तारेशी, नाहीतर मानेमागच्या हुकाशी. तेव्हा एकूण किती ग्रॅम घेतले याच्याइतकंच त्यातले किती या तीन जागी पोचले, हे महत्त्वाचं आहे.

एक हिशेब करून पाहू. समजा, एका शिक्षिकेला रोज घालायला मंगळसूत्र घ्यायचंय आणि तिने तोळाभर सोनं धरलंय. आजच्या दुकानातला तोळा म्हणजे 10 ग्रॅम. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, तो आता बोलण्यापुरता उरला. दोन वाट्यांना 2 ग्रॅम गेले, मधल्या सोन्याच्या मण्यांना 1 ग्रॅम, हूक आणि कड्यांना अर्धा ग्रॅम. चेनसाठी उरले साडेसहा ग्रॅम. तिच्यासमोर एकाच नमुन्याची दोन मंगळसूत्रं आहेत, एक 30 इंची लांब आणि एक 18 इंची आखूड. लांबात इंचाला साधारण 0.22 ग्रॅम सोनं येतं, आखूडात 0.36 ग्रॅम. घडण तीच असेल तर आखूड चेनची तार जवळपास पावणेदोनपट भरीव निघते आणि तेवढाच जास्त ताणही सोसते. वजनाच्या काट्यावर मात्र दोन्ही सारखीच. म्हणून दुकानात नुसतं वजन विचारू नका. चेनचं वजन भागिले तिची लांबी, एवढा भागाकार मोबाइलवर करा आणि आवडलेल्या दोन-तीन नगांची तुलना करा. ही तुलना एकाच घडणीच्या चेनमध्येच खरी धरायची, हे लक्षात ठेवा. लांब मंगळसूत्र हवंच असेल तर एकतर वजन वाढवावं लागेल, नाहीतर ते सणासुदीला ठेवून रोजसाठी वेगळं आखूड घ्यावं लागेल. तोळाभरातच भागवायचं असेल तर रोजसाठी आखूडच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथेच पोकळ चेनचा मोह होतो. जाडजूड दिसणारी साखळी हातात घेतल्यावर अपेक्षेपेक्षा हलकी लागली, तर ती आतून पोकळ आहे का, हे थेट विचारा. पोकळ नळीचा पत्रा पातळ असतो. झोपेत उशीखाली दाबून तो चेपतो, आणि दोन कड्या एकमेकींवर घासतात तिथे लवकर भोक पडतं. तुटली तर सांधणं अवघड, कारण डाख देताना पातळ पत्रा उष्णतेने वितळू शकतो. रोजच्या वापराला पोकळ चेन घेऊ नये.

काळ्या मण्यांची ओवणी दोन प्रकारची असते. जुनी पद्धत दोऱ्याची. पटवेकऱ्याकडून गाठवून घेतलेल्या पोतीत मध्ये मध्ये गाठी असतील तर दोरा तुटला तरी सगळे मणी घरभर होत नाहीत, हा तिचा मोठा फायदा. पण घाम, साबण, खोबरेल तेल यांनी दोरा कुजतो, म्हणून तो वेळच्या वेळी बदलून घ्यावाच लागतो. दुसरी पद्धत सोन्याच्या तारेची: मण्यातून बारीक तार जाते, दोन्ही टोकांना तिचे डोळे वळवतात आणि ते पुढच्या दुव्यात अडकवतात. हे मंगळसूत्र टिकाऊ वाटतं, पण मणी काचेचा असतो आणि त्याच्या भोकाची कडा धारदार असेल तर ती मऊ सोन्याची तार रोज थोडी थोडी कापत राहते. घेताना बोटांनी मणी तारेवर फिरवून पाहा. तो गुळगुळीत फिरला पाहिजे, खरखर लागता कामा नये. तारेचा डोळाही पूर्ण मिटलेला हवा. तिथे फट दिसली तर केसाची बट किंवा साडीचा धागा अडकून तो उघडणार.

आता वाट्या. एक माहेरची, एक सासरची म्हणून त्यांच्यात जीव गुंतलेला असतो, आणि हरवतात त्याही याच. वाटी स्वतः क्वचित तुटते. तिला वर जोडलेली कडी झिजते. दिवसभर वाट्या हलतात, कडी चेनवर एकाच जागी घासते, आतल्या बाजूने खाच पडते आणि एक दिवस कडी त्या खाचेतून उघडते. हलक्या मंगळसूत्रात इथे 0.6 मिलिमीटरच्या आसपास जाडीची तार वापरलेली असू शकते. त्याऐवजी 1 मिलिमीटरची तार घातली तर कडीतलं सोनं जवळपास तिप्पट होतं. खर्च किती वाढतो? आतून 3 मिलिमीटर रुंद असलेली 22 कॅरेटची बारीक कडी साधारण 0.06 ग्रॅमची, जाड कडी 0.18 ग्रॅमची. दोन वाट्यांच्या दोन कड्या बदलल्या तरी फरक पाव ग्रॅमच्या आतच राहतो. तोळाभराच्या दागिन्यात पाव ग्रॅम घालून वाट्या सांभाळल्या जात असतील, तर याहून चांगला खर्च नाही. सोनाराला सांगितलं की तो या कड्या सहज बदलून देतो.

जाडीबरोबर सांधा पाहा. कडी नुसती दाबून बंद केलेली आहे की तिला डाख दिलेला आहे? भिंगातून पाहिलं तर दाबलेल्या कडीत केसाएवढी रेघ दिसते. 22 कॅरेट सोनं मऊ असतं. लहान मुलाने वाटी धरून ओढली की ती रेघ रुंदावते. डाख दिलेली कडी अशी उघडत नाही. वाट्यांचा पत्राही दाबून पाहा, आणि आत लाख भरलेली असेल तर लाखेचं वजन सोन्यात धरलेलं नाही याची खात्री करून घ्या.

हिऱ्याचं पदक असेल तर ते बहुधा 18 कॅरेटमध्ये असतं आणि चेन 22 कॅरेटची. 18 कॅरेट जास्त कठीण, म्हणून पदकाची कडी शाबूत राहते आणि घासून घासून चेन झिजते. अशा जोडीत चेन पदकाच्या कडीतून जाते तो भाग अधूनमधून तपासत राहावं.

हुकाचा निर्णय तुमच्या सवयीवर अवलंबून आहे. कित्येक बायका मंगळसूत्र वर्षानुवर्षं काढतच नाहीत. त्यांना एस आकाराचा हूक पुरतो, पण त्याची एक बाजू कायमची बंद आणि दुसरी घट्ट दाबलेली हवी. त्या बाजूच्या फटीतून कागद सरकला तर हूक पुन्हा दाबून घ्या. रोज रात्री काढून ठेवणाऱ्यांनी मात्र एस हूक घेऊ नये. रोज उघडझाप केली की मऊ सोनं वाकत वाकत सैल पडतं. त्यांच्यासाठी स्प्रिंगचा हूक बरा. दुकानात तो दहा वेळा उघडून मिटवून पाहा. प्रत्येक वेळी जीभ पूर्ण आपल्या जागी परतली पाहिजे. त्यातली स्प्रिंग पोलादी असते आणि घामाने गंजते, म्हणून किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी तिच्यावर विशेष लक्ष ठेवावं. फिरकीचा हूक घट्ट बसतो, पण सोन्याचे आटे झिजले की नकळत सैल होतो. हूक कुठलाही असो, त्याच्या दोन्ही बाजूंना जोडणारी इंचभर सेफ्टी चेन लावून घ्या. हूक आपोआप उघडला तरी मंगळसूत्र गळ्यातच राहतं.

चोराच्या भीतीने मात्र चेन जाड करू नये. मोटारसायकलवरून हिसका बसला आणि चेन तुटलीच नाही, तर माणूस ओढला जातो आणि गळ्याला इजा होते. तिथे उपयोगी पडतं ते आखूड, पदराआड राहणारं मंगळसूत्र. गिरणीत किंवा फिरत्या यंत्राजवळ काम असेल तर ते काढूनच ठेवावं.

बिलाकडे येऊ. त्यावर सोन्याचं निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचा आकार स्पष्ट लिहिलेला हवा. काळे मणी आणि खडे यांचं वजन सोन्याच्या वजनातून वगळलेलं असलं पाहिजे. वाट्या आणि चेन वेगवेगळ्या कॅरेटच्या असतील तर दोन्ही वेगळं लिहून घ्या. 1 एप्रिल 2023 पासून सोन्याचा हॉलमार्क म्हणजे तीन खुणा: भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, 22K916 किंवा 18K750 असा शुद्धतेचा आकडा, आणि अक्षर-अंकांचा सहा खुणांचा एचयूआयडी. हा क्रमांक BIS Care या अ‍ॅपमध्ये टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. तिथे अंगठी दिसली आणि हातात मंगळसूत्र असलं तर लगेच विचारा. 2 ग्रॅमखालच्या नगांना हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे सुट्या घेतलेल्या हलक्या वाट्यांवर ही खूण नसू शकते. ‘केडीएम आहे’ हे उत्तर मात्र पुरेसं धरू नका. ते कॅडमियम मिसळलेल्या डाखाचं नाव आहे, शुद्धतेची सरकारी खूण नाही, आणि त्या कॅडमियमचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना घातक असतो.

घेतल्यानंतर वर्षातून एकदा तरी मंगळसूत्र पांढऱ्या कागदावर ठेवून चांगल्या उजेडात पाहा. गोल कडी लांबट झाली असेल, दुव्यांची टोकं बारीक दिसत असतील, किंवा चेन पहिल्यापेक्षा लांब वाटत असेल, तर ती झीज आहे. त्याच आठवड्यात सोनाराकडे जा. या टप्प्यावर दोन-तीन दुवे बदलून काम भागतं.

आणि एक विनंती. साडीच्या सेफ्टी पिना मंगळसूत्रात अडकवून ठेवायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. पिनेचं पोलाद सोन्यापेक्षा कितीतरी कठीण असतं. ती पिन दिवसभर हलत त्याच कडीला कापत राहते. पिना आजच काढा आणि त्यांच्या जागी कडीला खाच पडली आहे का, ते नखाने चाचपून पाहा.