फोटोमागची तीन सालं

जुन्या घरातल्या ट्रंकेत सापडलेला फोटो हाती आला की आपण आधी चेहरे पाहतो, मग कपडे आणि सगळ्यात शेवटी पाठ. साल ठरवायचं असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो. साधारण १८६० ते १९६० या शंभर वर्षांत मराठी घरांत जमलेले फोटो पाहिले तर कपडे, स्टुडिओचा शिक्का आणि मागचं हस्ताक्षर हे तिन्ही पुरावे एकाच सालाबद्दल बोलत नाहीत, असं दिसतं. कपडे सांगतात ते घालणाऱ्याच्या वळणाचं साल, शिक्का सांगतो प्रत छापल्याचं आणि अक्षर सांगतं नाव लिहिल्याचं. फोटो काढला तो दिवस या तिघांच्या मधे कुठेतरी असतो. यातल्या एकालाच साक्षीदार मानलं की पिढीभराची चूक सहज होते.

कपड्यांवर भिस्त सगळ्यात जास्त ठेवली जाते आणि फसगतही तिथेच जास्त होते. पगडी म्हणजे टिळकांचा काळ, गांधी टोपी म्हणजे १९२० नंतर, सहावारी म्हणजे त्याहून पुढचं, असा आपला ढोबळ हिशोब असतो. तो खोटा नाही, पण एकाच बाजूने खरा आहे. नवी गोष्ट दिसली तर फोटो तिच्या आधीचा नाही एवढं सांगता येतं. जुनी गोष्ट दिसली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. विशीत पगडी बांधलेला माणूस साठीतही तीच बांधत असे आणि सुना सहावारीत आल्या तरी सासू नऊवारीतच राहिली. शिवाय स्टुडिओत कोट, घड्याळाची साखळी, हातात धरायला जाडजूड पुस्तक असं सगळं तयार मिळायचं. म्हणून समूहाच्या फोटोत कर्त्या पुरुषाकडे न पाहता सगळ्यात तरुण बाईच्या पोलक्याकडे आणि मुलांच्या कपड्यांकडे पाहावं. नवं वळण आधी तिथे पोचतं.

रंगाबद्दलचा घोटाळा याहून मोठा. फोटो काढायच्या जुन्या काचा निळ्या रंगाला फार लवकर आणि लाल रंगाला जवळजवळ नाहीच, असा प्रतिसाद देत. त्यामुळे लाल पगडी फोटोत काळी येते, फिकं निळं लुगडं पांढरं दिसतं आणि कुंकू काळ्याभोर टिकलीसारखं उठतं. सगळे रंग बऱ्यापैकी खऱ्या उजेडात टिपणारी फिल्म १९३० नंतर रुळली. तिच्यात लाल रंग करडा होतो, म्हणून गोऱ्या कपाळावरचं कुंकू कधीकधी दिसतच नाही. आता या दोन गोष्टी एकत्र ठेवा. १९०५ च्या फोटोतली ‘पांढऱ्या लुगड्यातली विधवा’ निळ्या लुगड्यातली सवाष्ण असू शकते. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या विधवेचं आलवण तर लाल, म्हणजे फोटोत गडदच येणार. उलट १९४५ च्या फोटोत कपाळ कोरं दिसलं म्हणून कुणाला विधवा ठरवू नये. बांगड्या आणि मंगळसूत्र पाहावं. रंगापेक्षा वस्तू भरवशाची.

शिक्का आणि पुठ्ठा यांची साक्ष जास्त कोरडी, म्हणून जास्त उपयोगाची. मुठीत मावेल एवढा, चार इंच उंचीचा जाड पुठ्ठा एकोणिसाव्या शतकाकडे बोट दाखवतो. साडेसहा इंची ‘कॅबिनेट’ त्याच्या नंतर आला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकला. पाठीवर पोस्टकार्डाची रेघ छापलेला पातळ फोटो विसाव्या शतकातलाच. छापील मजकुरात आणखी खुणा असतात. राजा दीनदयाळ यांनी मुंबईत स्टुडिओ काढला तो १८९६ मध्ये आणि व्हिक्टोरिया राणीची सनद त्यांना १८९७ मध्ये मिळाली. त्या सनदेचा उल्लेख असलेला पुठ्ठा तिच्याआधी छापलेला असूच शकत नाही. त्यावरचा फोटो मात्र बराच नंतरचा असू शकतो, कारण छापून ठेवलेले पुठ्ठे संपेपर्यंत वापरले जात.

यावर कुणी म्हणेल, मग शिक्काच शेवटचा शब्द का मानू नये? कारण शिक्का प्रतीवर असतो. आजोबा वारल्यावर एकुलता एक जुना फोटो स्टुडिओत नेऊन त्याचा फोटो काढून घ्यायचा, मोठा करून चौकटीत लावायचा, ही घरोघरची रीत होती. अशा प्रतीवर दुसऱ्या स्टुडिओचं नाव येतं. पगडीवाल्या गृहस्थाच्या मागे सहा आकडी पिनकोड असलेला पत्ता दिसला तर ती प्रत १९७२ नंतरचीच, कारण पिनकोड त्या साली सुरू झाला. एरवी प्रत ओळखायची ती पृष्ठभागावरून. चिरा, वाळवीची भोकं, डाग चित्रात दिसतात, पण बोट फिरवलं तर कागद गुळगुळीत लागतो. चेहऱ्याची धार गेलेली असते आणि मागचा पडदा रंगवून सपाट केलेला असतो.

हस्ताक्षराला आपण घरचं म्हणून लगेच मान देतो. पण मराठी माणसाने नाव लिहिताना त्याआधी जे लिहिलं, ते नावापेक्षा जास्त बोलतं. ‘ती.’ म्हणजे लिहिणारा लहान, ‘चि.’ म्हणजे लिहिणारा मोठा, ‘सौ.’ म्हणजे लिहिताना तिचा नवरा हयात आणि ‘कै.’ म्हणजे नाव मृत्यूनंतर लिहिलेलं. नाव स्वतः मात्र दगा देतं. रमाबाई रानडे आणि आनंदीबाई जोशी, दोघी माहेरच्या यमुनाच. त्यामुळे एका फोटोमागची यमू आणि दुसऱ्यामागची सौ. आनंदी यांना दोन बायका समजून वंशावळीत वेगवेगळ्या जागा देणं अगदी सोपं आहे.

हे सगळं एकत्र कसं लावायचं ते एका कल्पित पण नेहमीच्या नमुन्यावर पाहू. पोस्टकार्डाच्या कागदावर एक पुरुष, एक बाई, मांडीवर दीड वर्षाचं मूल. मागे विटलेल्या शाईत ‘ती. अण्णा, सौ. काकू व चि. बाळ, शके १८४२’ आणि ओळीच्या आधी, समासात कोंबलेलं, निळ्या बॉलपेनने ‘कै.’. शकात ७८ मिळवले की १९२०. नेमकं म्हणजे १९२० चा पाडवा ते १९२१ चा पाडवा. कागद त्याला दुजोरा देतो. बॉलपेन आपल्याकडे रुळलं ते १९५० नंतर, म्हणजे ‘कै.’ बरंच मागाहून आलं. हे लक्षात आलं नाही तर ‘कै. अण्णा’ आणि ‘सौ. काकू’ हे नवरा-बायको नाहीत असा निष्कर्ष निघतो. दोन शाया वेगळ्या केल्या की विसंगती उरत नाही: मूळ ओळ लिहिली तेव्हा अण्णा हयात होते. लिहिणारा अण्णांपेक्षा लहान आणि बाळापेक्षा मोठा, म्हणजे त्याने ही माणसं डोळ्यांनी पाहिलेली. तो पुतण्याच असेल असं मात्र धरू नये. एकत्र घरात चुलतभावंडांचं ऐकून सख्खी मुलंही आईला काकू म्हणत.

आता बाळ. ज्याला पुढे घरात बाळ म्हणत, त्याची जन्मपत्रिका शके १८४६ ची निघाली तर पहिला मोह होतो तो फोटोवरचा शक चुकला म्हणण्याचा. ते करू नये. शक, नावं आणि ‘सौ.’ एकाच शाईत, पाहिलेल्या माणसाने लिहिलेलं आहे. कागदही त्याला सोडून नाही. बाळ हे नाव मात्र घरात पुन्हा पुन्हा ठेवलं जाई, पहिलं मूल गेल्यावर दुसऱ्यालाही. तेव्हा फोटोतलं मूल वंशावळीत नसलेला आधीचा बाळ असण्याची शक्यता जास्त आणि ती तपासायची जागा म्हणजे नगरपालिकेचं १९१८ ते १९२५ चं जन्म-मृत्यूचं रजिस्टर.