हप्ता थांबला, व्याज थांबले नाही

२७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ मे या काळातले हप्ते पुढे ढकलण्याची मुभा बँकांना आणि वित्त कंपन्यांना दिली. पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. आपल्या वस्त्यांमध्ये बातमी पोहोचली ती 'हप्ते माफ' अशी. प्रत्यक्षात त्याच परिपत्रकात थकीत मुद्दलावर व्याज चालूच राहील असे लिहिले होते. दंड नव्हता, खाते थकबाकीत जाणार नव्हते, सवलत एवढीच.

हिशेब करून पाहू. समजा डहाणूजवळच्या कैनाडमधील एका तरुणाने चिकू वाहण्यासाठी टेम्पो घेतला. मार्चमध्ये कर्ज बाकी २ लाख, व्याज वर्षाला १२ टक्के, २४ हप्ते शिल्लक, हप्ता ९,४१५ रुपये. त्याने तीन हप्ते थांबवले. पहिल्या महिन्याचे व्याज २,००० रुपये. ते न भरल्यामुळे मुद्दलात मिळाले, म्हणून दुसऱ्या महिन्यात २,०२० आणि तिसऱ्यात २,०४० रुपये झाले. जूनच्या सुरुवातीला बाकी २,०६,०६० रुपये.

खरा फरक इथून पुढे पडतो. हप्ता तोच ठेवला तर २४ ऐवजी २५ हप्ते लागतात आणि शेवटचा सुमारे ७,७७० रुपयांचा असतो, म्हणजे तेवढाच जादा भुर्दंड. २४ हप्ते कायम ठेवले तर हप्ता सुमारे २८५ रुपयांनी वाढतो आणि एकूण ६,८५० च्या आसपास जास्त जातात. साचलेले ६,०६० रुपये जूनमध्येच एकरकमी भरले, तर जादा खर्च तेवढ्यावरच थांबतो. आणि हेच कर्ज संपायला तीनच हप्ते उरले असते, तर स्थगितीचे व्याज साडेआठशेच्या आतच राहिले असते. कर्ज नवे, बाकी मोठी, तितकी ही सवलत महाग.

नंतर सरकारने 'व्याजावरचे व्याज' परत केले. हे संपूर्ण व्याज असल्याचा समज अजून ऐकू येतो. चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फक्त फरक, तोही दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना, सहा महिन्यांसाठी मिळाला. वरच्या कर्जावर तो सुमारे ३०० रुपये येतो. गजेंद्र शर्मा यांच्या याचिकेपासून सुरू झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२१ रोजी व्याजावरचे व्याज कोणत्याही रकमेच्या कर्जावर घेऊ नये असे सांगितले, पण संपूर्ण व्याजमाफी नाकारली.

उद्या पूर, चक्रीवादळ किंवा आणखी कशामुळे अशी सवलत आली, तर कार्यकर्त्यांनी सही होण्याआधी सावकाराला, बँकेला लेखी विचारावे: साचलेले व्याज मुद्दलात मिळवणार का, आणि हप्ता वाढणार की मुदत? मग हप्त्यांचे नवे वेळापत्रक मागावे. जुन्या आणि नव्या वेळापत्रकातल्या सगळ्या हप्त्यांच्या बेरजा शेजारी मांडल्या की किंमत कळते. फोनवर 'फक्त तीन महिने पुढे गेले' असे सांगितले जाते, तेव्हा शेवटच्या हप्त्याची तारीख आधी पाहावी. आपल्या टेम्पोवाल्याची ती फेब्रुवारी २०२२ वरून मे नव्हे, जून २०२२ वर गेली असती.