नोकरीत असताना दुसरे काम : नियम काय सांगतात आणि कळवावे कसे

मासिक वेतन घेणाऱ्या मनुष्याजवळ एखादी कला अथवा विद्या असली की तिच्यातून चार पैसे मिळविण्याची संधी आज ना उद्या समोर येतेच. कोणी पेटी वाजवितो, कोणी भाषांतर करतो, कोणी संध्याकाळी एखाद्या दुकानाचा हिशेब लिहून देतो. यांपैकी कोणते काम मुभेचे, कोणते परवानगीचे आणि कोणते सर्वस्वी वर्ज्य, याबद्दल मात्र कार्यालयांतून बराच गोंधळ आढळतो. "कचेरीच्या वेळेनंतर केले तर कोणाला काय?" असे काहींना वाटते. उलट काहीजण भीतीपोटी गावच्या उत्सवातील नाटकातसुद्धा भाग घेत नाहीत. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

गोवा शासनाच्या सेवकांना केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ लागू आहेत. दुसऱ्या कामाचा विचार त्यांतील पंधराव्या नियमात केलेला आहे. या नियमामागील मूळ तत्त्व मूलभूत नियमांपैकी अकराव्या नियमात सापडते : सेवकाचा संपूर्ण वेळ, अन्यथा स्पष्ट तरतूद नसल्यास, वेतन देणाऱ्या शासनाच्या स्वाधीन असतो. कचेरीची वेळ संपली म्हणजे सेवकाचे शासनाशी असलेले नाते संपत नाही, ते यामुळेच.

नियमातील तीन पायऱ्या

पंधराव्या नियमाचे शब्द पुष्कळ असले तरी त्यांचा आशय तीन पायऱ्यांत मांडता येतो.

पहिली पायरी परवानगीशिवाय करावयाच्या कामांची. मानधन न घेता केलेले सामाजिक वा धर्मादाय कार्य आणि वाङ्मयीन, कलाविषयक अथवा शास्त्रीय स्वरूपाचे प्रासंगिक काम यांना पूर्वमंजुरी लागत नाही. हौशी खेळाडू म्हणून खेळण्यासही ती लागत नाही. मात्र शासनाने थांबण्यास सांगितल्यास असे काम थांबविणे बंधनकारक आहे.

दुसरी पायरी मोबदल्याची. काम करण्यास मुभा आहे, एवढ्यावरून त्याचे पैसे घेण्यास मुभा आहे असे होत नाही. कोणत्याही खाजगी अथवा सार्वजनिक संस्थेसाठी किंवा व्यक्तीसाठी केलेल्या कामाची फी, सर्वसाधारण वा विशेष आदेशाने सूट दिलेली नसल्यास, विहित प्राधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून स्वीकारता येत नाही. पुष्कळ सेवकांची चूक नेमकी येथे होते.

तिसरी पायरी व्यापार, धंदा व अन्य नोकरी यांची. येथे शासनाची पूर्वमंजुरी आवश्यक आहे. नियमाने केवळ नोकरी "स्वीकारणे" नव्हे, तर तिच्यासाठी "बोलणी करणे" हेसुद्धा मंजुरीच्या कक्षेत आणले आहे. म्हणजे आधी रुजू व्हावे आणि मागाहून कळवावे, हा क्रम मुळातच चुकतो. कुटुंबीयांच्या मालकीच्या विमा एजन्सीचा वा कमिशन एजन्सीचा प्रचार करणे याच पायरीवर येते. कुटुंबातील कोणी व्यापार वा अशी एजन्सी चालवीत असल्यास तसे शासनास कळविणे हेही सेवकाचे कर्तव्य आहे. पत्नीने विम्याची एजन्सी घेण्यास नियमाची आडकाठी नाही. परंतु पतीने तिचे अर्ज कचेरीत सहकाऱ्यांपुढे ठेवले, की नियमाचा भंग होतो.

एक उदाहरण

हे भेद प्रत्यक्षात कसे लागू पडतात ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. फोंडा तालुक्यातील एका शासकीय कार्यालयात एक वरिष्ठ लिपिक आहेत. ते लहानपणापासून पेटी वाजवितात. गावच्या देवस्थानाच्या उत्सवात दरवर्षी संगीत नाटक होते आणि ते साथीला बसतात. पैसे घेत नाहीत. हे कलाविषयक प्रासंगिक काम झाले. त्यासाठी अर्ज करण्याचे कारण नाही.

पुढे त्यांचे नाव झाले. शेजारच्या गावच्या नाट्यमंडळाने त्यांना एका रात्रीची २,००० रुपये बिदागी देऊ केली. काम तेच, पेटी तीच, वेळही रात्रीचीच. परंतु आता दुसरी पायरी आली. वाजविण्यास मुभा होतीच, बिदागी घेण्यास मात्र मंजुरी हवी. अशा वेळी हंगामात अपेक्षित असलेले सर्व प्रयोग, त्यांच्या तारखा, मंडळांची नावे आणि प्रत्येकाची रक्कम यांची यादी जोडून एकत्रित अर्ज करणे सोयीचे ठरते. फी ठराविक मर्यादेपेक्षा अधिक असेल तर तिच्या वरच्या रकमेचा तिसरा हिस्सा शासनाच्या तिजोरीत भरावा लागण्याची तरतूद पूरक नियमांत आहे. ती मर्यादा वेळोवेळी बदलत आली असल्याने मंजुरीच्या आदेशात त्याबाबत काय म्हटले आहे हे पाहूनच रक्कम खर्चावी.

त्यानंतर एका संगीत वर्गाच्या चालकांनी सुचविले की आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी ६.३० ते ८.३० शिकवावे आणि महिना ६,००० रुपये घ्यावेत. लिपिकांना वाटले की हेही कलेचेच काम आहे. पण येथे "प्रासंगिक" हा शब्द गळून पडतो. नियमाने प्रसंगांची संख्या ठरवून दिलेली नाही. म्हणून स्वरूपावरून ओळखावे लागते. वार ठरलेले, वेळ ठरलेली, मोबदला मासिक आणि न गेल्यास जाब विचारणारा कोणी आहे, ही लक्षणे एकत्र आली की ते नियमित अर्धवेळ काम होय. महिन्याला सुमारे पंचवीस तास त्यात जाणार. त्याला पूर्वमंजुरी हवी आणि पूर्णवेळ सेवकास अशी मंजुरी सामान्यतः क्वचितच मिळते.

या प्रकरणात आणखी एक गाठ होती. संगीत वर्ग चालविणाऱ्या संस्थेचा अनुदानाचा अर्ज याच लिपिकांच्या टेबलावर येत असे. लिपिकांनी कितीही सचोटीने काम केले तरी ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याचीच फाइल हाताळायची, हे दुसऱ्या अर्जदाराला कसे दिसेल? वेळेच्या प्रश्नापेक्षा हा हितसंबंधाचा प्रश्न मोठा आहे आणि तो लपविला गेला तर साध्या चुकीचे रूपांतर गंभीर आरोपात होते.

अर्जात काय लिहावे

अर्ज कार्यालय प्रमुखांमार्फत, योग्य मार्गाने करावा. त्याचा मसुदा साधारणपणे असा असावा :

"मी या कार्यालयात वरिष्ठ लिपिक म्हणून काम करतो. अमुक नाट्यमंडळाने अमुक तारखेच्या रात्री होणाऱ्या नाट्यप्रयोगास पेटीची साथ करण्यासाठी मला २,००० रुपये बिदागी देऊ केली आहे. निमंत्रणपत्र सोबत जोडले आहे. हे काम कार्यालयीन वेळेबाहेरचे असून त्यासाठी कार्यालयाची साधने वापरली जाणार नाहीत. या मंडळाचे कोणतेही प्रकरण माझ्याकडे अथवा माझ्या शाखेकडे प्रलंबित नाही. सदर फी स्वीकारण्यास मंजुरी मिळावी, ही विनंती."

यातील प्रलंबित प्रकरणाविषयीचे वाक्य बहुतेक अर्जांत नसते आणि मंजुरी देणाऱ्याला नेमके तेच हवे असते. प्रकरण प्रलंबित असल्यास तसे स्पष्ट लिहावे. रक्कम "नाममात्र" अशी न लिहिता आकड्यात द्यावी. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्यावी आणि लेखी आदेश हाती येईपर्यंत काम सुरू करू नये. साहेबांनी तोंडी "हरकत नाही" म्हटले, ही मंजुरी नव्हे; साहेबांची बदली झाल्यावर त्या शब्दाला आधार राहत नाही. कामाचे दिवस वा रक्कम मागाहून वाढली तर नवा अर्ज करावा.

न कळविलेले काम उघडकीस येण्याचे मार्ग पूर्वीपेक्षा वाढले आहेत. मोबदला देणारी संस्था करकपात करते, ती सेवकाच्या पॅन क्रमांकावर नोंदली जाते आणि प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक विवरणात दिसते. विवरणपत्रात हे उत्पन्न दाखविणे आवश्यकच आहे. परंतु कर भरला म्हणून मंजुरीची गरज टळत नाही. नियमभंगाबद्दल ठपक्यापासून वेतनवाढ रोखण्यापर्यंत आणि गंभीर प्रकरणी त्याहून कडक शिक्षा होऊ शकते. कायद्याने व्यापार करण्यास मनाई असलेल्या लोकसेवकाने व्यापार केल्यास तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २०२ खाली अपराधही ठरतो.

शिक्षकांची गोष्ट वेगळी

लिपिकास निदान परवानगी मागता येते. शिकवण्यांच्या बाबतीत शिक्षकास ती वाटही मोकळी नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २८ ने शिक्षकाने खाजगी शिकवणी वा खाजगी अध्यापन करण्यास मनाई केली आहे आणि त्यात पूर्वमंजुरीचा अपवाद ठेवलेला नाही. हा अधिनियम प्राथमिक शिक्षणाचा, म्हणजे पहिली ते आठवीचा आहे. वरच्या वर्गांच्या शिक्षकांनी आपले सेवानियम पाहावेत. शिकवणी आपल्या घरी घेतली किंवा विद्यार्थी दुसऱ्या शाळेचे होते, एवढ्याने कलम २८ ची मनाई सुटत नाही. शासकीय शाळेतील शिक्षकाने नियतकालिकासाठी एखादी कथा लिहिणे मात्र प्रासंगिक वाङ्मयीन काम होय. त्याच्या मानधनास वर सांगितलेली दुसरी पायरी लागू होते.

खाजगी नोकरीतील करारपत्र

कारखान्यात वा खाजगी कंपनीत असणाऱ्यांना वरील नियम लागू नाहीत. त्यांचा नियम म्हणजे त्यांचे नियुक्तिपत्र. त्यात "पूर्ण वेळ व लक्ष कंपनीच्या कामास देईन", "लेखी पूर्वसंमतीवाचून अन्यत्र लाभाचे काम करणार नाही" अशा अर्थाची वाक्ये शोधावीत. धंद्यास प्रतिबंध करणारे करार भारतीय करार अधिनियमाच्या कलम २७ ने निरर्थक ठरविले आहेत, म्हणून अशी अट पाळण्याची गरज नाही, असा सल्ला काहीजण देतात. तो घातक आहे. कल्याण येथील सेंच्युरी कंपनीच्या कारखान्यातील एका पर्यवेक्षकाच्या खटल्यात १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, नोकरीच्या मुदतीत केवळ आपल्याच मालकाचे काम करण्याची अट सामान्यतः कलम २७ च्या आड येत नाही. नोकरी संपल्यानंतरही चालू राहणाऱ्या बंधनाचा विचार निराळा होतो.

नियुक्तिपत्र मूक असेल तरी मालकाच्या वेळेत, त्याच्या यंत्रावर किंवा त्याच्या प्रतिस्पर्ध्यासाठी काम करण्याची मोकळीक मिळत नाही. अशा वेळीही कामाचे स्वरूप, तास व काम देणाऱ्याचे नाव सांगणारे चार ओळींचे पत्र देऊन लेखी संमती घ्यावी आणि तिची प्रत घरी ठेवावी.

बेळगाव वा अन्य राज्यांतील शासकीय सेवकांना त्या त्या राज्याचे वर्तणूक नियम लागू होतात व त्यांचे शब्द वेगळे असू शकतात. म्हणून आपल्या आस्थापना शाखेकडून मूळ नियम मागवून वाचावा आणि मगच अर्ज लिहावा.