वीस सेलची ओळ

ब्रेल डिस्प्ले हे कीबोर्डापुढे ठेवायचे बेताचे यंत्र. त्यावर बहुधा सेलची एकच आडवी ओळ असते आणि प्रत्येक सेलमध्ये सहसा आठ बारीक पिना वरखाली होतात. संगणकावरचा मजकूर स्क्रीन रीडर त्या पिनांवर उमटवतो. चाळीस सेलची यंत्रे कार्यालयांत दिसतात, तर ऑर्बिट रीडर 20 सारख्या तुलनेने स्वस्त यंत्रावर वीसच सेल असतात. ओळ वाचून झाली की बटण दाबायचे, मग पुढचा तुकडा येतो. डोळ्यांनी वाचणारा पानभर नजर फिरवून हवा तो आकडा टिपतो. इथे मात्र बोटाखाली असेल तेवढेच पान.

भारती ब्रेलमध्ये मराठीला जागाही जास्त लागते. काना, मात्रा, अनुस्वार यांना स्वतंत्र सेल लागतो. जोडाक्षरात हलन्ताचे टिंब आधी येते, अंकांपूर्वी अंकचिन्ह येते. ‘तक्रार’ या तीन अक्षरी शब्दाला सहा सेल लागतात.

आता समजा, एखाद्या सेवेकडून आपोआप उत्तर आले: ‘प्रिय ग्राहक, आपण आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल आभार. आपली तक्रार क्रमांक 4827 नोंदली असून ती तीन दिवसांत सोडवली जाईल.’ शब्द न तोडता हे वीस सेलवर मांडले, तर पहिल्या तुकड्यात ‘प्रिय ग्राहक, आपण’ एवढेच मावते. चौथा तुकडा ‘क्रमांक’ या शब्दावर संपतो आणि खुद्द क्रमांक पाचव्यात येतो. सातव्यात एकटे ‘जाईल’ उरते. हेच ‘तक्रार नोंदली: 4827’ असे लिहिले, तर बरोबर वीस सेल भरतात. खाली ‘मुदत: तीन दिवस’ ही दुसरी ओळ. सातांऐवजी दोन तुकडे, आणि क्रमांक पहिल्याच स्पर्शात.

सजावट याहून महाग पडते. शब्द ठळक करायला त्याच्या दोन्ही बाजूंना घातलेल्या तारकांच्या जोड्या कधीकधी तशाच उमटतात. युनिफाइड इंग्लिश ब्रेलमध्ये एका तारकेला दोन सेल लागतात, म्हणजे चार तारकांत वीसपैकी आठ सेल गेले. उभ्या रेघांनी आखलेला तक्ता असाच कच्चा आला, तर आकडा बोटाखाली येईपर्यंत त्याचे शीर्षक केव्हाच मागे गेलेले असते. तिथे प्रत्येक आकड्याआधी त्याचे नाव लिहिणे हाच उपाय.

पण आखूड ओळ म्हणजे वीस अक्षरांवर एंटर मारणे नव्हे. तसे केले तर चाळीस सेलवाल्याची अर्धी पट्टी रिकामी राहते आणि वाक्याचे विनाकारण तुकडे होतात. ओळ कुठे मोडायची ते यंत्र पाहून घेते. लिहिणाऱ्याने एका ओळीत एकच बाब ठेवावी, ती आधी सांगावी आणि आभार शेवटी मानावेत.

ज्यांना ऐकूही येत नाही, त्यांना आवाजाचा पर्याय नसतो. ही पट्टीच त्यांचा पडदा असते. आपोआप जाणाऱ्या उत्तरांचे साचे लिहिणाऱ्यांनी साचा पक्का करण्याआधी एकदा तो वीस सेलच्या डिस्प्लेवर, रोज ब्रेल वाचणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यावा.